मरायला विसरलेल्या पेशी, थांबायला विसरलेल्या पेशी

‘कॅन्सर आहे म्हणता आणि औषध नको म्हणता?’ लिम्फोमाच्या ओपीडीत नातेवाइकांचा हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. बायोप्सीच्या रिपोर्टवर लिम्फोमा असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि डॉक्टर सांगतात, तीन महिन्यांनी तपासायला या. त्याच ओपीडीत दुसऱ्या एका रुग्णाला मात्र घरी जाऊन कपडे आणायलाही वेळ न देता त्याच दिवशी भरती करून घेतात. त्याच्याही रिपोर्टवर लिम्फोमाच लिहिलेलं असतं. पहिल्या कुटुंबाला वाटतं, आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं. पेशींच्या आत काय बिघडलं आहे हे कळलं की दोन्ही निर्णय एकाच समजुतीतून आले आहेत हे दिसतं.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. तिथल्या लसीकाग्रंथीत आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी जंतूंशी लढण्यासाठी भराभर वाढतात, म्हणून ती गाठ सुजते आणि जखम भरली की ओसरते. या पेशींचा कॅन्सर म्हणजे लिम्फोमा. त्याचे कित्येक प्रकार आहेत. मी इथे फक्त दोन टोकं घेतो: सावकाश वाढणारा फॉलिक्युलर लिम्फोमा आणि माणसाच्या सर्वांत वेगवान कॅन्सरांपैकी एक असलेला बर्किट लिम्फोमा. दोन्ही बी-पेशींचे, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या घराण्यातले.

अवधाण आलेल्या गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात गोलसर पुंजके दिसतात. त्यांना जर्मिनल सेंटर म्हणतात. तिथे बी-पेशी काही तासांत एकदा या वेगाने विभागत असतात आणि विभागताना आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बदल करत असतात, या आशेवर की एखादा बदल जंतूला अधिक घट्ट धरेल. बहुतेक बदल निरुपयोगी ठरतात. म्हणून इथला नियम कडक आहे: जी पेशी आपली उपयुक्तता सिद्ध करणार नाही तिने मरायचं. बीसीएल-२ नावाचं एक प्रथिन पेशीला मरणापासून वाचवतं. जर्मिनल सेंटरमध्ये शिरताना बी-पेशी ते जवळजवळ बंद करून टाकते. म्हणजे जन्माचा वेग प्रचंड, आणि मरण हा ठरलेला शेवट. हजारो पेशी रोज जन्मतात, हजारो मरतात, आणि गाठ आटोक्यात राहते. गावाची लोकसंख्या दोन कारणांनी फुगू शकते, जन्म वाढले म्हणून किंवा मृत्यू थांबले म्हणून. तसंच इथे.

अँटिबॉडीचं एक मुख्य जनुक चौदाव्या गुणसूत्रावर असतं. बी-पेशीला ते हवं तसं घडवायचं असल्यामुळे ती स्वतःचा डीएनए तिथे स्वतःच कापते आणि पुन्हा जोडते. शरीरातल्या फार थोड्या पेशींना असं करण्याची मुभा आहे, आणि धोकाही तिथेच आहे. कधी कधी कापलेलं टोक चुकीच्या गुणसूत्राला जाऊन चिकटतं. अँटिबॉडीचं जनुक बी-पेशीत सतत जोरात चालू असतं, त्यामुळे त्याच्या शेजारी जे जनुक येईल तेही जोरात चालू होतं. आता शेजारी कोण येतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

अठराव्या गुणसूत्रावरचं बीसीएल-२ शेजारी आलं तर मरणाची वाट बंद होते. पेशी फार वेगाने वाढत नाही, पण जिने मरायचं ती जगत राहते. यातून फॉलिक्युलर लिम्फोमाची सुरुवात होते. आठव्या गुणसूत्रावरचं मिक हे जनुक शेजारी आलं तर विभाजनाचा हुकूम थांबतच नाही. तो बर्किट. बीसीएल-२ पेशीला वाढवत नाही, नुसतं जगवतं, ही गोष्ट १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत डेव्हिड वॉ, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवली. तोवर कॅन्सरचं जनुक म्हणजे पेशीला पळायला लावणारं जनुक अशीच समजूत होती. पेशीचं न मरणं हासुद्धा कॅन्सर असू शकतो, ही कल्पना मला आजही कॅन्सरशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. अठरा-चौदाची ही चुकीची जोडणी बऱ्याच निरोगी प्रौढांच्या रक्तातल्या एखाददुसऱ्या पेशीतही सापडते. त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. आजार व्हायला वर्षानुवर्षांत आणखी बिघाड साचावे लागतात.

बर्किटच्या गाठीत मरणही भरपूर असतं, कारण मिक पेशीला इतकं ताणतं की कित्येक पेशी त्या ताणानेच मरतात. मेलेल्या पेशी गिळायला मोठ्या फिकट भक्षक पेशी जमतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गडद पार्श्वभूमीवर चांदण्यांसारखे ठिपके दिसतात. पॅथॉलॉजिस्ट या चित्राला ‘स्टारी स्काय’च म्हणतात. तरीही जन्म इतके असतात की गाठीतल्या पेशींची संख्या साधारण दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते.

थोडं गणित करू. गाठीचा व्यास दुप्पट व्हायला तिचं आकारमान आठपट व्हावं लागतं, म्हणजे तीनदा दुप्पट. दोन सेंटीमीटरची गाठ दोन दिवसांच्या वेगाने वाढली तर सहा दिवसांत चार सेंटीमीटर आणि बारा दिवसांत आठ सेंटीमीटर. हीच गाठ आठ महिन्यांत एकदा दुप्पट होणारी असेल, तर चार सेंटीमीटर व्हायला दोन वर्षं लागतील. प्रत्यक्षात गाठी इतक्या शिस्तीत वाढत नाहीत, पण एकीकडे दिवस मोजायचे आणि दुसरीकडे वर्षं, हा फरक खराच आहे.

आता नेहमीच्या चित्रात बसणारे दोन कल्पित रुग्ण घेऊ. चौसष्ट वर्षांच्या बाई. मानेला आणि काखेत दीड-दोन सेंटीमीटरच्या गाठी, दुखत नाहीत, वर्षभर कधी वाढतात कधी कमी होतात. ताप नाही, वजन तसंच. बायोप्सीत फॉलिक्युलर लिम्फोमा. किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत हे सांगणारी केआय-६७ ही तपासणी पंधरा टक्के. अस्थिमज्जेतही थोडा आजार, म्हणजे चौथी स्टेज. इथे घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. पण स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या कॅन्सरमधली चौथी स्टेज आणि ही चौथी स्टेज यांचा अर्थ एक नाही. लसीकापेशी मुळात रक्तातून सगळीकडे फिरणाऱ्याच असतात, त्यामुळे फॉलिक्युलर लिम्फोमा सापडतो तेव्हा बहुतेकदा पसरलेलाच असतो.

डॉक्टर बघतात ते वेगळं. एखादी गाठ सात सेंटीमीटरहून मोठी आहे का? तीन ठिकाणी तीन सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी आहेत का? मूत्रनलिकेसारख्या कशावर दाब येतोय का? रक्तपेशी कमी होत आहेत का? कारणाशिवाय ३८ अंश सेल्सिअसहून जास्त ताप, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं यांपैकी काही आहे का? यातलं काहीच नसेल तर औषध न देता लक्ष ठेवतात. ब्रिटनमध्ये १९८१ ते १९९० या काळात अशा ३०९ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना लगेच क्लोरॅम्ब्युसिल ही गोळी दिली, निम्म्यांवर लक्ष ठेवलं. सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दोन्ही गटांच्या आयुष्यमानात फरक दिसला नाही. लक्ष ठेवलेल्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना दहा वर्षांनंतरही केमोथेरपी लागली नव्हती. त्यानंतर बी-पेशींना हेरून मारणारं रिटक्झिमॅब हे औषध आलं. ते लवकर दिलं तर पुढचे उपचार लांबतात, पण म्हणून लक्षणं नसलेले रुग्ण अधिक जगतात असं दिसलेलं नाही.

यामागचं कारण पुन्हा त्याच यंत्रणेत आहे. केमोथेरपी मुख्यतः विभागणाऱ्या पेशींना इजा करते आणि इजा झालेली पेशी स्वतःहून मरेल यावर विसंबते. फॉलिक्युलर पेशी क्वचित विभागते, आणि तिची मरणाची वाट बीसीएल-२ ने अडवलेली असते. औषधाने गाठी विरघळतात, बऱ्याच वर्षांसाठीसुद्धा, पण बहुधा काही पेशी टिकून राहतात.

दुसरा रुग्ण अकरा वर्षांचा मुलगा. दोन आठवड्यांपासून पोट दुखतं, गेल्या चार दिवसांत फुगलंय. सोनोग्राफीत लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागी मोठी गाठ. पेशींची उलाढाल वाढली की रक्तात वाढणारं एलडीएच हे एन्झाइम कित्येक पट. बायोप्सीत बर्किट, केआय-६७ जवळजवळ शंभर टक्के. इथे तीन महिन्यांनी या म्हणणं शक्यच नाही. पण भरती केल्यावर पहिलं काम सलाइनचं असतं. इतक्या पेशी एकदम फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात ओतलं जातं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. केमो सुरू होण्याआधीच हे घडू शकतं. म्हणून भरपूर द्रव, युरिक ॲसिड उतरवणारं औषध, दिवसातून अनेकदा रक्ततपासणी, आणि आधी सायक्लोफॉस्फमाइड व स्टेरॉइडचा हलका डोस. मग तीव्र केमो, मेंदूत आजार जाऊ नये म्हणून पाठीच्या कण्यातल्या द्रवातही औषध. सोयी असलेल्या केंद्रांत अशी दहातली जवळपास नऊ मुलं पूर्ण बरी होतात. जी पेशी सतत विभागते ती सतत औषधाच्या तावडीत असते. युगांडात डेनिस बर्किट यांनी या आजाराचं वर्णन १९५८ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथल्या मुलांपैकी काही तर त्या काळातल्या मोजक्या डोसांवरही बरी झाली होती.

फॉलिक्युलरच्या गाठी आपोआप कमी होतात, हे मी पुन्हा सांगतो, कारण यावर लोकांची लूट चालते. स्टॅनफर्डच्या १९८४ च्या एका अभ्यासात उपचार न दिलेल्या मंदगती लिम्फोमाच्या ८३ रुग्णांपैकी १९ जणांच्या गाठी काहीही न करता ओसरल्या. त्यांच्यापैकी एखाद्याने त्याच महिन्यात कुठला काढा घेतला असता, कुठल्या बाबांचा अंगारा लावला असता, तर श्रेय त्यालाच गेलं असतं आणि त्याची कहाणी व्हॉट्सॲपवर बर्किट लिम्फोमा झालेल्या मुलाच्या आईपर्यंत पोचली असती. तिने त्यावर दोन आठवडे घालवले तर काय होईल ते वरच्या गणितात आहे.

हाच चढउतार आपल्याकडे आणखी एका ठिकाणी फसवतो. मानेला गाठ म्हणजे टीबी, हे आपल्या देशात पुष्कळदा खरं असतं. पण जंतूचा पुरावा नसताना एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते, गाठ योगायोगाने थोडी लहान होते, आणि सहा महिने जातात. सुईने चार पेशी काढून लिम्फोमाचा प्रकार ठरत नाही, कारण गाठीची आतली रचना पाहावी लागते. शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून द्यावी. सुई किंवा सुरी लावली की लिम्फोमा पसरतो ही भीती निराधार आहे. मात्र बायोप्सीआधी स्टेरॉइड घेतलं तर पेशी विरघळतात आणि नमुना वाचता येत नाही, ही भीती खरी आहे.

लक्ष ठेवलेल्या बाईंनी पुढे काय बघायचं? दरवर्षी शंभरातल्या दोन-तीन फॉलिक्युलर रुग्णांचा आजार वेगवान होतो, बहुतेकदा मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात बदलतो, कधी तर बीसीएल-२ च्या जोडीला मिकही बिघडतं. तेव्हा सगळ्या गाठी एकसारख्या वाढत नाहीत. एकच गाठ बाकीच्यांना मागे टाकून काही आठवड्यांत वाढते, एलडीएच उसळी मारतं, ताप किंवा घाम सुरू होतो. अशा वेळी तीन महिन्यांची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. पेशी किती साखर खेचतात ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये जी गाठ सर्वांत जास्त चमकते तिचीच नव्याने बायोप्सी करायची, कारण जुन्या रिपोर्टवरचं नाव आता लागू असेलच असं नाही.