कंपनीचा मजकूर फिरवून लिहिणं वेगळं, पानात भर घालणं वेगळं

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांच्या चर्चेत एक प्रश्न सारखा येतो. मिक्सर, कुकर, पंखा, काहीही असो, वस्तूचं वर्णन कंपनीच्या कॅटलॉगमधून जसंच्या तसं उचललेलं असतं. तेच वर्णन आणखी पन्नास दुकानांच्या पानांवर असतं आणि गूगलवर आपलं पान तिसऱ्या-चौथ्या पानाच्या वर सरकत नाही. उत्तरही दर वेळी तेच मिळतं: "मजकूर युनिक करा." मग कुणीतरी बसून 'शक्तिशाली'चं 'दमदार' करतो, वाक्यं मागेपुढे करतो, महिनाभर वाट बघतो आणि पान जिथल्या तिथेच राहतं. हे उत्तर अर्धवट आहे. त्यात दोन निराळ्या गोष्टींचा घोळ केलेला आहे.

आधी एक भीती काढून टाकू. सारख्या मजकुरासाठी गूगल दंड ठोकतं, हा समज चुकीचा आहे. असा दंड नसतो, हे गूगलने 2008 सालीच स्वतःच्या ब्लॉगवर स्पष्ट केलं होतं. खातरजमा करायची तर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात `Manual actions` उघडा. तिथे काही नसेल, तर तुमच्यावर हाताने केलेली कारवाई झालेली नाही. होतं ते इतकंच, की पन्नास पानांवर एकच परिच्छेद असेल आणि शोधणाऱ्याचे शब्द त्या परिच्छेदातलेच असतील, तर पन्नासही पानं दाखवण्यात काही अर्थ नसतो. गूगल त्यातलं एखाददुसरं दाखवतं आणि बाकीची मागे ठेवतं. निवड सहसा जुन्या, नावाजलेल्या, भरपूर लिंक असलेल्या साइटची होते. छोट्या दुकानाची पाळी येत नाही, पण त्याला कुणी शिक्षाही केलेली नसते.

हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. कंपनीच्या वर्णनातलं एखादं सलग, दहा-बारा शब्दांचं वाक्य दुहेरी अवतरणचिन्हात टाकून शोधा. बाकीची दुकानं दिसली आणि तुमचं पान दिसलं नाही, तर पुढे तुमच्या पानाचा पत्ता सर्च कन्सोलच्या `URL Inspection` मध्ये टाका. पान इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या नोंदीत असेल, तर अडचण निवडीची आहे. `Crawled - currently not indexed` असं आलं, तर गूगलने पान वाचलं, पण सध्या ते इंडेक्समध्ये ठेवलेलं नाही. `Duplicate, Google chose different canonical than user` आलं, तर तुमच्या पानाऐवजी दुसरं पान मूळ धरलं गेलंय. ते दुसरं पान तुमच्याच साइटवरचं असेल (रंगाचा वेगळा पत्ता, `?sort=` लागलेला पत्ता), तर तो तांत्रिक प्रश्न आहे आणि कॅनॉनिकल टॅग, म्हणजे सारख्या पानांतलं मूळ पान कोणतं हे गूगलला सांगणारी पानाच्या कोडमधली ओळ, नीट लावला की बहुधा मिटतो.

टॅगचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. 'मूळ मजकूर कंपनीचा, म्हणून कॅनॉनिकल कंपनीच्या पानाकडे द्या' असा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. माझं पान धरू नका, कंपनीचं धरा, असं तुम्ही स्वतःच गूगलला सांगता. विक्रीच्या पानावर हा टॅग स्वतःकडेच असला पाहिजे:

```html
<link rel="canonical" href="https://dukan.example/mixer-750w-3-jar">
```

आता मुख्य घोळ. वेगळे शब्द आणि वेगळी माहिती या दोन गोष्टी आहेत, आणि 'युनिक' म्हणताना लोक पहिली करतात आणि फळ दुसरीचं मागतात.

दोन मजकूर जवळपास सारखे आहेत का, हे यंत्राने ओळखायची एक जुनी पद्धत आंद्रेई ब्रॉडर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली मांडली. मजकुराचे लागोपाठच्या काही शब्दांचे, एकावर एक सरकणारे तुकडे पाडायचे आणि दोन पानांत किती तुकडे जुळतात ते पाहायचं. अशा मोजणीतून सुटायला शब्द फिरवणं खरंच पुरतं. दर चौथा-पाचवा शब्द बदलला, की तुकडे जुळेनासे होतात. कॉपी तपासणारी साधनं '100 टक्के युनिक' म्हणतात ती याच अर्थाने, आणि म्हणूनच लोक फसतात. 'ही कॉपी नाही' इतकंच त्यातून सिद्ध होतं. 'हे पान वर का यावं' याचं उत्तर त्यात नसतं. फिरवलेलं पान गाळणीतून सुटतं आणि मोठ्या साइट्सच्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहतं, कारण त्यांच्याकडे आहे तेच त्याच्याकडे आहे.

एक उदाहरण घेऊ. 750 वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर. कंपनीचं वर्णन साधारण असं असतं: "शक्तिशाली 750 वॅट मोटर. तीन टिकाऊ स्टेनलेस स्टील भांडी. ओव्हरलोड संरक्षण. प्रत्येक स्वयंपाकघराला शोभेल असं आकर्षक डिझाइन."

फिरवलेलं वर्णन: "या मिक्सरमध्ये 750 वॅटची दमदार मोटर असून सोबत स्टेनलेस स्टीलची तीन मजबूत भांडी मिळतात. जास्त भार आल्यास मोटर सुरक्षित राहते. देखणं रूप तुमच्या किचनची शोभा वाढवेल." शब्द वेगळे झाले, पण आधी ठाऊक नव्हतं असं काही हाती लागलं का? एकही गोष्ट नाही. "किचनची शोभा वाढवेल" हे वाक्य तर कोणत्याही वस्तूच्या पानावर आलं तरी खोडावं, कारण हे शोधून कुणी मिक्सर घेत नाही.

भर घातलेलं वर्णन लिहायला डबा उघडावा लागतो. मोजपट्टी, वजनकाटा आणि तासभर वेळ लागतो. सगळ्यात मोठं भांडं झाकणासकट बसवल्यावर उंची किती होते? ओट्यावरच्या फळीखाली ते मावेल का, हे ज्याला हवंय त्याला हा आकडा कंपनीच्या पानावर सहसा मिळत नाही, कारण तिथे खोक्याची मापं असतात. वायर किती लांब आहे? दीड लिटर लिहिलेल्या भांड्यात झाकण न उडता प्रत्यक्षात किती पातळ वाटण मावतं? ते पाण्याने मोजा आणि मिलिलिटरमध्ये लिहा. चटणीच्या भांड्यात पातं वस्तूपर्यंत पोचायला कमीत कमी किती ऐवज लागतो? दोघांच्या घरात चार लसूण पाकळ्या आणि मूठभर खोबरं वाटायचं असतं. त्यांच्यासाठी निर्णय याच आकड्यावर होतो.

पुढे प्रत्यक्ष वापर. शेंगदाण्याचं कूट सलग फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो, म्हणून ते थांबून थांबून फिरवायचं. या मिक्सरमध्ये त्यासाठी बटण कोणत्या बाजूला वळवायचं आणि जाडसर कुटाला किती झटके लागतात, ते लिहा. 250 ग्रॅम भिजवलेली उडीद डाळ किती मिनिटांत, किती पाण्यात वाटली गेली, तेही लिहा. 'ओव्हरलोड संरक्षण' या दोन शब्दांची भर अशी: "जास्त भार आला की मिक्सर एकदम बंद पडतो. बिघडला असं समजू नका. प्लग काढा, भांड्यातला थोडा ऐवज कमी करा, मोटर निवू द्या, मग तळाचं लाल बटण दाबा." हे वाक्य लिहिण्याआधी बटण तुमच्या मॉडेलला खरंच आहे का आणि कुठे आहे ते उलटून पाहा, कारण सगळ्यांचं एकाच जागी नसतं. आणि भांडं मोटरला जोडणारा कपलर झिजला तर सुटा मिळतो का, तुमच्याकडे असतो का, केवढ्याला, हेही लिहा. ही माहिती मोठ्या साइटच्या पानावर क्वचितच असते.

पान तपासताना एक सोपी कसोटी लावा. कंपनीच्या पानावर आहे ते सगळं आपल्या पानातून मनातल्या मनात खोडा. काही उरलं नाही, तर शब्द कितीही वेगळे असोत, भर शून्य आहे. चार-पाच वाक्यं उरली आणि ती खरेदीचा निर्णय बदलू शकत असतील, तर पान उभं राहिलं. काय लिहावं हे सुचत नसेल, तर आपल्या दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर आलेले प्रश्न आणि परत आलेल्या मालाची कारणं काढून बघा. विषयांची यादी तिथे तयारच असते.

युनिक करण्याच्या नादात ज्यांना हात लावू नये, त्यांनाच पहिला हात लागतो. मॉडेल क्रमांक, कंपनीचं नाव, बारकोडचा क्रमांक, वॅट, व्होल्ट, वॉरंटी, वजन यांचा तक्ता कंपनीचा आहे तसाच ठेवा. तो सगळीकडे सारखा असणारच, आणि सारखा असल्यामुळेच तुमची वस्तू तीच आहे हे ओळखता येतं. नावातून मॉडेल क्रमांक काढून 'सुपर पॉवरफुल किचन किंग' लिहिणाऱ्या पानाला त्या क्रमांकाने शोधणारं गिऱ्हाईक सापडणं अवघड होतं.

अॅमेझॉनसारख्या बाजारपेठेचं गणित वेगळं आहे. तिथे एका वस्तूचं पान एकच असतं आणि त्यावर अनेक विक्रेते असतात. वर्णन बहुतेकदा तुमच्या हातात नसतं आणि पुढे येणं किंमत, डिलिव्हरी आणि विक्रेत्याच्या कामगिरीवर ठरतं. वेगळं दिसावं म्हणून त्याच वस्तूचं दुसरं पान उघडणं नियमात बसत नाही. वरचं सगळं स्वतःच्या साइटसाठी आहे.

इथेच मेहनत वाया जाण्याचा एक मोठा धोका आहे. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्णनाचा रकाना बहुधा एकच असतो आणि तोच मजकूर फीडमध्ये, म्हणजे बाजारपेठांना जाणाऱ्या वस्तूंच्या यादीत, आपोआप जातो. तुम्ही तासभर खपून लिहिलेलं वर्णन काही दिवसांत मोठ्या साइटवर झळकतं आणि निवड पुन्हा तिचीच होऊ शकते. फीडसाठी कंपनीचा मजकूर वेगळ्या रकान्यात ठेवा आणि नवा मजकूर फक्त स्वतःच्या पानावर दाखवा.

दोन हजार वस्तू असतील तर सगळ्यांना हात घालू नका. सर्च कन्सोलमध्ये गेल्या तीन महिन्यांत `Impressions`, म्हणजे पान शोधात दिसल्याचे आकडे, बऱ्यापैकी आहेत, पण सरासरी स्थान 8 ते 20 च्या दरम्यान आहे, अशी वीस पानं निवडा. एकेक पूर्ण करा, `Request indexing` दाबा आणि तारीख लिहून ठेवा. बदल दिसायला काही आठवडे जातात. नंतर त्या पानाचे आधीचे 28 दिवस आणि नंतरचे 28 दिवस शेजारी ठेवून `Queries`, म्हणजे लोकांनी केलेल्या शोधांची यादी, बघा. भर लागू पडली असेल, तर 'चटणीसाठी लहान भांडं', 'मिक्सर अचानक बंद पडला' अशा अर्थाचे, आधी नसलेले शोध यादीत येऊ लागतात. यादी जुनीच असेल आणि फक्त आकडे थोडे हलले असतील, तर ते हंगामामुळेही असू शकतं. नुसत्या मॉडेल क्रमांकाच्या शोधात मात्र कंपनी आणि मोठे विक्रेते बहुधा वरच राहतील. तिथे मजकुराने फारसं काही हलत नाही, म्हणून त्या एका शोधातल्या स्थानावरून पानाचा निकाल लावू नका.