गरम पाणी मळ सोडवतं, पण रंगाला आणि लोकरीलाही सोडत नाही

शर्टाच्या कॉलरवरचा काळपट पट्टा गार पाण्यात कितीही घासला तरी थोडा उरतोच. तो पट्टा म्हणजे नुसती धूळ नसते. त्वचेतून पाझरलेल्या तेलात ती धूळ रुतून बसलेली असते. हे तेल अंगाच्या उबेला पातळ असतं, म्हणून तर ते धाग्यांमध्ये शिरतं. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर त्यातला बराचसा भाग थिजतो आणि धाग्याला मेणासारखा चिकटून राहतो. 40 अंशांच्या पाण्यात तो पुन्हा मऊ होतो. मग डिटर्जंटचे रेणू धागा आणि तेल यांच्यामध्ये घुसतात, तेलाचे थेंब गोळा होऊन सुटतात आणि त्यांच्याबरोबर धूळही निघते.

मग सगळेच कपडे गरम पाण्यात का धुऊ नयेत? कारण उष्णता निवड करत नाही. मळाला सैल करणारं पाणी रंगाला आणि धाग्यालाही सैल करतं. शिवाय काही डाग तर उष्णतेने उलट पक्के होतात. रक्त, अंडं आणि दूध यांच्यात प्रथिनं असतात. गरम पाण्यात ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठतात आणि धाग्याला धरून बसतात. अशा डागाला आधी गार पाणी दाखवायचं, डाग फिका झाला की मग कोमट.

आता रंगाकडे येऊ. समजा, एक नवा गडद लाल सुती शर्ट आहे. आजकाल सुतावर बऱ्याचदा असे रंग वापरतात, जे धाग्याशी रासायनिक बंध जोडतात. तो बंध सहजी तुटत नाही. पण रंगवताना रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो. त्याला धाग्याशी जोडण्याची ताकद उरत नाही, तो नुसता चिकटून राहतो. कारखान्यात कापड गरम साबणपाण्यात नीट धुतलं तर हा सुटा रंग तिथेच जातो. ते काम अर्धवट झालं असेल तर तो घरच्या बादलीत उतरतो आणि जितकं पाणी गरम, तितका लवकर. पहिल्या काही धुण्यांनंतर पाणी स्वच्छ यायला लागलं तर समजावं की सुटा रंग संपला. दहाव्या धुण्यालाही पाणी लालच येत असेल, तर तो रंग मुळात दुबळ्या बंधांनी धरलेला आहे. तो शर्ट कायम गार पाण्यात आणि वेगळाच धुवावा. मूठभर मीठ टाकल्याने असा रंग पक्का होत नाही.

खात्री करायची सोपी रीत आहे. शिवणीच्या आतल्या बाजूला 40 अंशांच्या साबणपाण्यात भिजवलेलं पांढरं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवायचं. फडक्यावर छटा उमटली तर तो शर्ट पांढऱ्या कपड्यांबरोबर घालायचा नाही.

सुती कापड आटतं त्यामागचं कारण मात्र बहुतेकांना वाटतं तसं नाही. विणताना आणि तयार करताना धागे ताणलेले असतात. पाण्यात भिजून ते जाड होतात, ताण सुटतो आणि कापड आखूड होतं. म्हणजे हे गार पाण्यातही घडतं, गरम पाणी आणि यंत्रातलं गरम वाळवण ते लवकर आणि पुरतं घडवून आणतं. न धुतलेल्या कापडावर दोऱ्याने 50 सेंटिमीटरवर दोन खुणा करा आणि धुऊन वाळवल्यावर मोजा. अंतर 48 भरलं तर कापड 4 टक्के आटलं, म्हणजे 75 सेंटिमीटरचा शर्ट 3 सेंटिमीटरने आखूड होणार. ओलं असताना हाताने ताणून वाळत घातलं तर यातलं थोडं परत मिळतं.

लोकरीच्या बाबतीत ही सोय नाही, आणि मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती आटलेल्या स्वेटरची. लोकरीच्या केसावर टोकाकडे वळलेले खवले असतात. ओला केस फुगतो आणि साबणपाण्यात सहज सरकतो. चोळलं की तो मुळाच्या दिशेने पुढे जातो, पण खवले त्याला मागे येऊ देत नाहीत. प्रत्येक घुसळणीबरोबर केस एकमेकांत आणखी गुंततात आणि जाड, कडक नमदा तयार होतो. उष्णता ही प्रक्रिया वेगवान करते, पण मुख्य दोष घुसळण्याचा असतो. गार पाण्यात जोरात चोळलेला स्वेटरही आटतो, तर 30 अंशांच्या पाण्यात हात न लावता भिजवलेला सहसा सुखरूप राहतो. तो पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि आडवा पसरून वाळवावा. डिटर्जंटही पाहून घ्यावा: प्रथिनांचे डाग फोडणारी विकरं असतील तर ती लोकर आणि रेशीम यांनाही कुरतडतात, कारण हे दोन्ही धागे प्रथिनांचेच आहेत. एकदा नमदा झालेला स्वेटर मात्र ओढून पूर्वीसारखा होत नाही. गुंतलेले केस त्यांच्याच खवल्यांनी धरलेले असतात.