मैदा आणि कणीक

एकाच गव्हापासून निघणारी दोन पिठे. सबंध दाणा दळून केलेले पीठ म्हणजे कणीक, आणि दाण्याची साल व अंकुर बाजूला काढून नुसत्या पांढऱ्या गराचे केलेले बारीक पीठ म्हणजे मैदा. कणकेने पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि रक्तातली साखर हळू चढते, असे दोन दावे सहसा एका दमात केले जातात. पहिला बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा मात्र कणीक किती बारीक दळली आहे आणि तिचे काय केले आहे यावर अवलंबून असतो. बारीक कणकेचा ब्रेड साखरेच्या बाबतीत मैद्याच्या ब्रेडहून फारसा वेगळा वागत नाही. कारण दळताना दोन वेगळ्या गोष्टी होतात. काही भाग निघून जातात आणि उरलेला गर फुटतो. मैद्यात दोन्ही होतात, कणकेत फक्त दुसरी.

गव्हाच्या दाण्याच्या वजनात साधारण १४ ते १५ टक्के साल, अडीच ते तीन टक्के अंकुर आणि बाकीचा पिठाळ गर असतो. गरात मुख्यतः स्टार्च आणि ग्लुटेन होणारी प्रथिने असतात, अंकुरात तेल आणि ई जीवनसत्त्व. सालीच्या अगदी आत, गराला लागून, अ‍ॅल्युरोन नावाचा एकपदरी पेशींचा थर असतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो गराचाच भाग, पण दळताना सालीला चिकटून कोंड्यात जातो. ब गटातली जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचा मोठा साठा याच थरात असल्यामुळे कोंड्याबरोबर नुसता चोथा जात नाही.

गव्हाच्या पोटावर एक उभी खाच असते आणि साल त्या खाचेतून दाण्यात आत वळलेली असते. म्हणून तांदळाला करतात तसे वरून पॉलिश करून गव्हाचा कोंडा निघत नाही. दाणा फोडून आतून गर खरवडावा लागतो, आणि रोलर गिरणीची सगळी मांडणी त्यासाठीच आहे. साफ केलेल्या गव्हाला पाणी देऊन ओलावा १५ ते १६ टक्क्यांवर आणतात आणि काही तास मुरू देतात. त्यामुळे साल चिवट होते आणि गर ठिसूळ. पुढे वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या खाचदार रुळांच्या जोडीतून दाणा उघडला जातो, गराचे तुकडे सुटतात आणि सालीचे मोठे पापुद्रे तसेच राहतात. चाळण्या आणि हवेचा झोत त्यांना वेगळे करतात, आणि स्वच्छ गर गुळगुळीत रुळांखाली बारीक होतो. अंकुर तेलकट असल्यामुळे दळला न जाता चपटा होतो आणि चाळणीवर राहतो. १०० किलो गव्हातून ७० ते ७५ किलो पांढरे पीठ निघते.

हे तंत्र घरातही होते. सपीट काढायचे तर गहू धुऊन, निथळून, ओलसर कापडात रात्रभर दडपून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी दळून आणतात. मग चाळण आणि मलमलचे कापड लावून रवा, पिठी आणि कोंडा वेगळे करतात. कोरडा गहू दळला तर सालीचाही भुगा होऊन पिठात मिसळतो. ओलवलेल्या गव्हाची साल मोठ्या तुकड्यांत सुटते. गिरणीत पाणी देण्याचे कारण हेच. कुरडयांचा चीक याच्याही पुढची पायरी आहे. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून पिळला की साल चोथ्यात राहते, आणि तळाशी बसतो तो जवळजवळ नुसता स्टार्च. कुरडई मैद्यापेक्षा घरगुती असली, तरी कमी ‘शुद्ध’ नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात पावणेतीन. लोह कणकेत ४ मिलिग्रॅमच्या आसपास, मैद्यात दोनाच्या आत. प्रथिने मात्र दोन्हींत सारखीच, साडेदहा ग्रॅमच्या जवळपास. मैद्यात प्रथिनेच नसतात ही समजूत चुकीची आहे. कणकेतले लोह सगळे अंगी लागत नाही, कारण कोंड्यातले फायटेट त्याला बांधून ठेवते.

कणीक विकत घेतल्यावर किंवा दळून आणल्यावर होणारी नेहमीची चूक म्हणजे ती बारीक चाळणीने चाळणे. एक किलो पीठ चाळल्यावर चाळणीत ५० ग्रॅम कोंडा राहिला असे धरू. कोंड्यात सुमारे ४० टक्के तंतू असतात, म्हणजे २० ग्रॅम तंतू बाहेर गेले. किलोभर कणकेत मुळात ११० ग्रॅम असतात. वजन पाच टक्के कमी झाले, पण तंतू जवळजवळ पाचवा हिस्सा गेले. किडे-खडे पाहण्यासाठी चाळायचे असेल तर चाळणीतला कोंडा परत पिठात टाकावा. दुसरी अडचण विकतच्या पिठाची. रवा-मैदा काढून उरलेल्या पिठाला रोलर गिरण्यांच्या धंद्यात ‘रिझल्टंट आटा’ म्हणतात. रंग तपकिरी, पण तो सबंध गहू नव्हे. जात्याच्या दगडाखाली दळताना घासले जाऊन स्टार्चचे जास्त कण तडकतात आणि असे तडकलेले कण पाणी जास्त पितात, म्हणून चक्कीच्या पिठाला पाणी अधिक लागते आणि पोळी मऊ राहते. मैद्याची पोळी निवली की वातड होते, कारण ग्लुटेनचे जाळे तोडायला तिच्यात कोंडा नसतो.

आता साखरेकडे. एखाद्या पदार्थातल्या ठरावीक कर्बोदकांमुळे रक्तातली साखर किती चढते, याची शुद्ध ग्लुकोजशी केलेली तुलना म्हणजे ग्लायसेमिक निर्देशांक. ग्लुकोजचा आकडा १००. आंतरराष्ट्रीय कोष्टकांत पांढऱ्या ब्रेडची सरासरी ७५ च्या आसपास आहे, आणि सबंध गव्हाच्या पिठाच्या ब्रेडची ७४. हा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो. पण गव्हाचे तंतू बहुतांशी पाण्यात न विरघळणारे असतात. ओट किंवा जवातल्या तंतूंसारखे ते आतड्यात बुळबुळीत दाट रस करत नाहीत. त्यांचा उपयोग शौचाला साफ होण्यासाठी मोठा, पण स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या विकराला ते फारसे अडवत नाहीत. बारीक दळलेल्या गराची पेशी-भिंत फुटलेली असते आणि स्टार्च उघडा पडलेला असतो; शेजारी कोंडा असला काय, नसला काय.

भिंत शाबूत असेल तर चित्र बदलते. सबंध शिजवलेल्या गव्हाचा आकडा चाळिशीत असतो, जाडसर भरडलेल्या दलियाचा पन्नाशीच्या आत. एका जुन्या प्रयोगात लोकांना सबंध गहू, भरड, जाड पीठ आणि बारीक पीठ असे चार प्रकारे खायला दिले होते. दाणा जितका बारीक, तितकी इन्सुलिनची प्रतिक्रिया चढत गेली. गहू एकच, फक्त दळणाची जाडी वेगळी. म्हणून खपली गव्हाची खीर, गोडाचा प्रश्न बाजूला ठेवला तर, सबंध भरडीच्या बाजूची असते. उलटे उदाहरण पास्त्याचे. त्यात कोंडा नसतो, तरी त्याचा आकडा पन्नाशीच्या आसपास येतो, कारण दाट मळलेल्या पिठातल्या प्रथिनांच्या जाळ्यात स्टार्च अडकून बसतो. पोळीचा आकडा कोष्टकांत सरासरी ५२ दिला आहे, पण वेगवेगळ्या चाचण्यांत त्यात बराच फरक पडतो. पोळी फुगवलेल्या ब्रेडपेक्षा घट्ट असते, हे तिचा आकडा ब्रेडहून कमी असण्याचे एक कारण.

कर्बोदकांच्या प्रमाणातला फरकही मोजून पाहावा. तीन पोळ्यांना ९० ग्रॅम कणीक लागली असे धरले, तर सुमारे ५८ ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. तेवढ्याच मैद्यात ती ६७ ग्रॅम असतात. नऊ ग्रॅमचा फरक म्हणजे कणकेच्या जवळपास अर्ध्या पोळीइतका. मैद्याच्या तीन पोळ्या सोडून कणकेच्या साडेतीन खाल्ल्या, तर हा फायदा संपला. दीर्घकाळ सबंध धान्य खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण कमी आढळते, असे लोकसमूहांचे अभ्यास सांगतात. पण ती माणसे इतरही बाबतींत वेगळी असतात, आणि त्यावरून एका जेवणानंतरच्या आकड्याचा अंदाज बांधता येत नाही.

पोट भरण्याचा हिशेब वेगळा आहे. सिडनी विद्यापीठात १९९५ साली ३८ पदार्थ तपासले होते. प्रत्येकाचा २४० किलोकॅलरींचा वाटा खाऊन दोन तास भूक कशी राहते हे विचारले, आणि पांढरा ब्रेड १०० धरून गुण दिले. सबंध गव्हाच्या ब्रेडला १५७ मिळाले, क्रॉसाँला ४७, उकडलेल्या बटाट्याला ३२३. सहभागी थोडे होते, तरी दिशा स्पष्ट दिसते. तेवढ्याच कॅलरींत कणकेचा पदार्थ जड असतो, चावायला वेळ घेतो आणि तंतूंना पाणी धरून आकार येतो. क्रॉसाँचे ४७ मात्र मैद्यापेक्षा लोण्याचे आहेत. आपल्याकडची खारी त्याच कुळातली. तोंडात विरघळते, पोट भरत नाही, आणि त्यातल्या स्निग्धामुळे जठर सावकाश रिकामे होत असल्याने साखरही एकदम उडी मारत नाही. म्हणजे साखर कमी चढवणारा पदार्थ भूक भागवेलच असे नाही.

मैदा आतड्याला चिकटतो, ही समाजमाध्यमांवर फिरणारी गोष्ट खरी नाही. शिजलेला स्टार्च लहान आतड्यातच पचून शोषला जातो. मैद्याची खरी उणीव, जे त्यातून गेले त्याची आहे.

‘ब्राऊन ब्रेड’ घेताना रंगावर जाऊ नये. तो कॅरमेलनेही येतो. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या क्रमांकावर मैदा किंवा ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल आणि आटा मागाहून असेल, तर तो मैद्याचाच ब्रेड. घरी ग्लुकोमीटर असेल तर स्वतःच्या पोळीची परीक्षा घेता येते. दोन वेगळ्या सकाळी, उपाशीपोटी, दोन पिठांच्या सारख्या वजनाच्या पोळ्या सारख्याच भाजीबरोबर खाव्यात. खाण्याआधी, पहिल्या घासापासून एक तासाने आणि दोन तासांनी आकडा पाहावा. भाजी-वरण बदलले, पोळीवर तूप लावले किंवा आदल्या रात्री जास्त जेवण झाले, तर तुलना बिघडते. एका दिवसाच्या फरकावर विसंबू नये, तीन-चार वेळा करून पाहावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.