मध्यगासंपात म्हणजे सर्वांत जवळचा बिंदू नव्हे

“त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी हवी, तर मध्यगासंपातच घ्यायचा ना?”

नाही. मध्यगासंपात अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करतो. वर्ग केला की लांबचा शिरोबिंदू जास्त जोर लावतो आणि बिंदू त्याच्याकडे ओढला जातो. साध्या बेरजेत मात्र तिन्ही ओढी सारख्याच, आणि सारख्या तीन ओढींचा तोल त्यांच्यात 120° चे कोन असतील तरच साधतो. 17व्या शतकात फ्रेंच गणिती फर्माने हा प्रश्न टाकला, इटलीच्या तोरिचेल्लीने तो सोडवला; म्हणून या बिंदूला फर्मा बिंदू म्हणतात.

उदाहरण घ्या: B(−3, 0), C(3, 0), A(0, 9). मध्यगासंपात (0, 3) इथे बेरीज 6 + 4.24 + 4.24, म्हणजे सुमारे 14.49. फर्मा बिंदू त्याच्या बराच खाली, (0, 1.73) वर आहे, तिथे 7.27 + 3.46 + 3.46, म्हणजे सुमारे 14.20.

हा बिंदू कंपासने काढता येतो. BC वर बाहेरच्या बाजूला समभुज त्रिकोण काढा, त्याचे नवे टोक D समोरच्या A ला जोडा. दुसऱ्या एका बाजूवरही तसेच करा. दोन रेषा छेदतात तोच बिंदू. पडताळाही हाताशी आहे: AD ची लांबीच किमान बेरीज असते. इथे D(0, −5.20), म्हणून AD = 14.20. समभुज त्रिकोण चुकून आतल्या बाजूला काढला, तर हा मेळ बसत नाही.

एक मर्यादा: त्रिकोणाचा एखादा कोन 120° किंवा जास्त असेल, तर रचना करूच नका. 120° पेक्षा मोठ्या कोनात त्या रेषा त्रिकोणाबाहेर छेदतात. तेव्हा उत्तर म्हणजे त्या मोठ्या कोनाचा शिरोबिंदूच.