न्यूट्रॉन ग्रहण : मंद आणि शीघ्र प्रक्रिया

लोखंडापेक्षा जड मूलद्रव्यांची बहुतेक अणुकेंद्रे विश्वात दोन वाटांनी घडतात : मंद न्यूट्रॉन ग्रहण (एस-प्रक्रिया) आणि शीघ्र न्यूट्रॉन ग्रहण (आर-प्रक्रिया). दोन्हींत अणुकेंद्र एकेक न्यूट्रॉन पोटात घेत जड होत जाते. फरक आहे तो वेगाचा, आणि त्या वेगामुळे हाती येणारी मूलद्रव्येही निराळी ठरतात. या नोंदीत दोन्ही प्रक्रिया मुख्यतः सोन्याच्या उदाहरणाने समजून घेतल्या आहेत.

ताऱ्याच्या गाभ्यात हलकी अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून ऊर्जा मिळते, पण ही मिळकत लोखंडाच्या आसपास संपते. त्यापुढे आणखी एक अडचण असते. अणुकेंद्र जितके जड, तितका त्यातील प्रोटॉनांचा धन विद्युतभार जास्त, आणि तो बाहेरून येणाऱ्या कोणत्याही धनभारित कणाला दूर लोटतो. न्यूट्रॉनला विद्युतभारच नसल्यामुळे त्याला हा अडसर लागत नाही. मात्र मोकळा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत नष्ट होतो. त्यामुळे त्याचा साठा कुठे पडून राहत नाही. जिथे वापर, तिथेच तो निर्माण व्हावा लागतो.

न्यूट्रॉन घेतल्यावर मूलद्रव्य बदलत नाही, फक्त वस्तुमानांक एकाने वाढतो. नवे अणुकेंद्र अस्थिर असेल तर त्यातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. या बीटा ऱ्हासाने वस्तुमानांक तोच राहतो, पण अणू पुढच्या मूलद्रव्याचा होतो. आता सगळा प्रश्न एवढाच उरतो : आधी काय घडणार, हा ऱ्हास की पुढच्या न्यूट्रॉनचे आगमन? ऱ्हास आधी झाला तर ती मंद प्रक्रिया. ऱ्हासाला उसंतच न देता न्यूट्रॉनांमागून न्यूट्रॉन आले तर ती शीघ्र. ही विभागणी १९५७ साली मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी एका प्रदीर्घ शोधनिबंधात मांडली. त्याच वर्षी अॅलिस्टेअर कॅमेरॉन स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला पोहोचले.

मंद प्रक्रियेचे मुख्य ठिकाण म्हणजे सूर्याच्या साधारण दीडपट ते तिप्पट वस्तुमानाचे, आयुष्याच्या अखेरीस फुगलेले तांबडे राक्षसी तारे. त्यांच्या गाभ्याभोवती हेलियम व कार्बन यांनी भरलेला पातळ थर असतो. वरच्या थरातून थोडा हायड्रोजन त्यात उतरला की कार्बन-१२ एक प्रोटॉन घेतो आणि अखेर त्याचा कार्बन-१३ होतो. तापमान नऊ-दहा कोटी केल्विनच्या घरात गेले की हा कार्बन-१३ हेलियमच्या केंद्राशी जुळून ऑक्सिजन-१६ बनतो आणि एक न्यूट्रॉन सुटा होतो. हायड्रोजनचे माप इथे फार नाजूक आहे. तो जास्त उतरला तर कार्बन-१३ आणखी एक प्रोटॉन घेऊन नायट्रोजन-१४ बनतो, आणि हा नायट्रोजन सुटे झालेले न्यूट्रॉन स्वतःच गिळतो. नेमका किती हायड्रोजन, कसा उतरतो, हे ताऱ्यांच्या गणिती प्रतिकृतींना अजून मूळ भौतिकीतून नीट सांगता येत नाही. माझ्या मते मंद प्रक्रियेच्या सिद्धांतातील हा सर्वांत कच्चा दुवा आहे.

त्या थरात न्यूट्रॉनांची दाटी घनसेंटिमीटरला एखादा कोटी एवढी असते. आकडा मोठा वाटला तरी एका अणुकेंद्राच्या वाट्याला वर्षानुवर्षांनी एखादाच न्यूट्रॉन येतो आणि हे काम हजारो वर्षे चालते. आतला माल नंतर प्रवाहांबरोबर ताऱ्याच्या पृष्ठभागावर येतो. याचा पुरावा १९५२ साली पॉल मेरिल यांना मिळाला. काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटांत त्यांना टेक्नेशियमच्या रेषा दिसल्या. टेक्नेशियमचा एकही समस्थानिक स्थिर नाही. मंद प्रक्रियेत बनणाऱ्या टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य सुमारे २ लाख वर्षांचे आहे. ताऱ्याचे वय त्याच्या कितीतरी पट. म्हणजे ते टेक्नेशियम जन्मापासून ताऱ्यात असणे शक्य नव्हते. ते तिथेच आणि नुकतेच बनले होते.

आता सोन्याकडे. मंद वाटेने येणारी साखळी प्लॅटिनम-१९६ वर पोहोचते. हे केंद्र स्थिर आहे. ते एक न्यूट्रॉन घेते आणि प्लॅटिनम-१९७ होते. त्याचे अर्धायुष्य जेमतेम २० तास. पुढचा न्यूट्रॉन यायला वर्षे लागणार असल्यामुळे मधल्या काळात ऱ्हास होऊन त्याचे सोने-१९७ बनते. हे सोन्याचे एकमेव स्थिर समस्थानिक. तेही केव्हातरी न्यूट्रॉन घेते. सोने-१९८ होते आणि काही दिवसांत त्याचा पारा-१९८ होतो.

या साखळीत १९८ या वस्तुमानांकाचे दोन स्थिर अणू आहेत, प्लॅटिनम-१९८ आणि पारा-१९८, आणि दोन्ही प्रक्रियांचा माग लावायला ही जोडी फार उपयोगी पडते. मंद वाट प्लॅटिनम-१९८ पर्यंत पोहोचतच नाही, कारण त्याआधीची पायरी, प्लॅटिनम-१९७, २० तासांत ढासळते. शीघ्र प्रक्रियेत नेमके उलटे घडते. तिथे न्यूट्रॉनांनी फुगलेली केंद्रे एकामागून एक बीटा ऱ्हासाने स्थैर्याकडे येतात आणि वाटेत पहिले जे स्थिर केंद्र भेटेल तिथे थांबतात. १९८ च्या रांगेत ते केंद्र प्लॅटिनमचे आहे. ते आडवे असल्यामुळे पाऱ्यापर्यंत काही पोहोचत नाही. म्हणून प्लॅटिनम-१९८ शीघ्र प्रक्रियेचे आणि पारा-१९८ मंद प्रक्रियेचा, असे निःशंक सांगता येते.

सोने-१९७ ला अशी आड नाही. ते दोन्ही वाटांनी बनते. मग वाटणी कशी करायची? मंद प्रक्रियेत एक साधा हिशेब लागू पडतो. न्यूट्रॉन पटकन पकडणारे केंद्र लगेच पुढच्या पायरीवर जाते, म्हणून त्याचा साठा कमी उरतो. आळशी केंद्राचा साठा वाढतो. शेजारच्या पायऱ्यांवर ‘साठा गुणिले पकडण्याची क्षमता’ हा गुणाकार जवळजवळ सारखा राहतो. या क्षमतेला काटछेद म्हणतात आणि ती प्रयोगशाळेत मोजता येते. सॅमेरियमचे १४८ आणि १५० हे दोन समस्थानिक फक्त मंद प्रक्रियेतून येतात. त्यांच्यावर हा नियम तपासून पाहिला तेव्हा तो चांगला उतरला. सोन्याचा काटछेद बेरियम-१३८ च्या सुमारे दीडशेपट आहे. म्हणजे मंद प्रक्रियेत सोने बनते खरे, पण टिकत नाही. बेरियम मात्र साचत राहते. मंद प्रक्रियेचा वाटा असा मोजून सूर्यमालेतील एकूण सोन्यातून वजा केला की उरते ते शीघ्र प्रक्रियेचे. उत्तर येते ते असे : शंभरातले जेमतेम सहा अणू मंद वाटेचे, बाकीचे शीघ्र. मंगळसूत्राच्या वाटीतही हेच प्रमाण असते, फक्त कोणता अणू कोणत्या वाटेने आला हे ओळखता येत नाही, कारण सगळे अणू तंतोतंत एकसारखे असतात.

शीघ्र वाटेने सोने बनायला न्यूट्रॉनांची दाटी घनसेंटिमीटरला एकावर वीस शून्ये इतकी, किंवा त्याहूनही पुष्कळ जास्त लागते. सगळा खेळ सेकंदाभरात आटोपतो. केंद्र भराभर न्यूट्रॉन घेत १२६ न्यूट्रॉनांपर्यंत येते आणि तिथे अडते. १२६ न्यूट्रॉनांचे केंद्र भरलेल्या कवचासारखे घट्ट असते. त्यावर आलेला पुढचा न्यूट्रॉन इतका सैल बसतो की प्रखर गॅमा किरण त्याला लगेच उडवून लावतात. मग बीटा ऱ्हासाची वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नसते, आणि तिथे गर्दी होते. त्या गर्दीतले एक केंद्र घेऊ : ७१ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन, बेरीज १९७. न्यूट्रॉनांचा पूर ओसरला की एकापाठोपाठ आठ बीटा ऱ्हास होतात आणि ७९ प्रोटॉन, ११८ न्यूट्रॉन असे केंद्र उरते. हेच सोने. मंद वाटेवरही १२६ ला गर्दी होते, पण ती ८२ प्रोटॉनांशी, म्हणजे शिसे-२०८ वर. एकाच आकड्याने एकीकडे शिशाचा ढीग घातला, दुसरीकडे प्लॅटिनम, इरिडियम आणि सोन्याचा.

अशी घाईची ग्रहणे माणसाने एकदा नकळत घडवली आहेत. १ नोव्हेंबर १९५२ रोजी प्रशांत महासागरातील एनिवेटॉक बेटांवर अमेरिकेने औष्णिक-अणुस्फोट केला. त्याच्या राखेत फर्मियम-२५५ सापडले. युरेनियम-२३८ ने एका झटक्यात १७ न्यूट्रॉन गिळले होते आणि नंतर आठ बीटा ऱ्हास झाले होते.

निसर्गात हे कुठे घडते, हा वाद मात्र साठ वर्षे रेंगाळला. आधी सर्वांचा भर महाकाय ताऱ्यांच्या सुपरनोव्हा स्फोटांवर होता. पण तिथे नव्या न्यूट्रॉन ताऱ्यातून उसळणारे न्यूट्रिनो बऱ्याच न्यूट्रॉनांचे प्रोटॉन करून टाकतात, आणि सोन्यापर्यंत जायला न्यूट्रॉन पुरत नाहीत. दुसरा उमेदवार होता दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या वेधशाळांनी अशाच टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. दोन सेकंदांच्या आत गॅमा किरणांचा स्फोट दिसला, आणि अकरा-एक तासांनी चिलीतल्या दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीनेही या घटनेचा मागाहून उमटलेला रेडिओ प्रकाश नोंदवला.

तो ठिपका आधी निळसर होता. काही दिवसांतच तो लाल आणि मग मुख्यतः अवरक्त झाला. यात मोठी खूण आहे. लँथनम व त्याच्या रांगेतील मूलद्रव्यांच्या अणूंना असंख्य वर्णरेषा असतात. ती थोडीशी जरी मिसळली तरी निळा प्रकाश अडतो आणि ऊर्जा सावकाश, लाल होऊन बाहेर पडते. म्हणजे फेकल्या गेलेल्या द्रव्याच्या एका भागात जड मूलद्रव्ये भरपूर होती, तर दुसऱ्या भागात हलकी. एकूण फेकलेले द्रव्य सूर्याच्या वस्तुमानाच्या काही शतांश इतके निघाले.

हा पुरावा भक्कम आहे, पण त्याची मर्यादा सांगायलाच हवी. २०१९ मध्ये त्या वर्णपटात स्ट्राँशियम ओळखले गेले. सोने कोणी पाहिलेले नाही. द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या दशांशाहून अधिक वेगाने पसरत असल्यामुळे रेषा फाकून एकमेकींत मिसळतात, आणि सोन्याचा अंदाज प्रतिकृतींवरून करावा लागतो. त्या प्रतिकृतींना ज्या अतिअस्थिर केंद्रांची माहिती लागते, त्यांतील बहुतेक अजून एकाही प्रयोगशाळेत बनवता आलेली नाहीत.

शिवाय टक्कर हा एकमेव उगम असेलच असे नाही. दीर्घिकेतील अतिप्राचीन ताऱ्यांतही शीघ्र प्रक्रियेचे युरोपियम सापडते; ते तारे जन्मले तेव्हा दोन न्यूट्रॉन तारे तयार होऊन, हळूहळू जवळ येऊन आदळण्याइतका वेळ गेला होता का, ही शंका राहतेच. २७ डिसेंबर २००४ रोजी एसजीआर १८०६-२० या प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा महास्फोट टिपला गेला होता. त्यानंतर काही काळाने दिसलेली गॅमा किरणांची उजळी २०२५ मध्ये नव्याने तपासली गेली, आणि ती नुकत्याच बनलेल्या जड अणूंच्या ऱ्हासाशी जुळते असे आढळले. कोणत्या उगमाचा वाटा किती, हे ठरवायला आणखी टकरी लहरींसह प्रकाशातही पाहाव्या लागतील. त्यासाठी आकाशातली जागा चटकन आणि नेमकी कळायला हवी, आणि लहरी टिपणारी उपकरणे पृथ्वीवर जितकी दूरदूर, तितकी ती नेमकी कळते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे.