सुरीधारेवर शांत, चालू केला की थरथर: जिनिंगच्या ब्लोअरचं बॅलन्सिंग

दिवाळीनंतर धरणगाव, जामनेर, चोपडा भागातल्या जिनिंगमध्ये कपाशीची आवक वाढते, आणि कापूस पाइपातून ओढून नेणारे ब्लोअर दिवस-रात्र चालू लागतात. हंगामाआधी त्यांच्या इम्पेलरची डागडुजी होते. झिजलेल्या पात्यांवर पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड होतात, आणि मग चाक 'बॅलन्स' करून बसवलं जातं. तरीही चालू केल्यावर ब्लोअर थरथरतो. बॅलन्सिंग करणाऱ्यानं हलगर्जीपणा केला, असं मालकाला वाटतं. पण काम मन लावून केलेलं असूनही असं होऊ शकतं, कारण बॅलन्स दोन प्रकारचा असतो आणि वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळा त्यातला एकच तपासलेला असतो.

एक इम्पेलर घेऊ. वजन ४० किलो, वेग मिनिटाला १४४० फेरे, आठ पाती. पाती मागच्या गोल प्लेटला आणि पुढच्या रिंगला जोडलेली, आणि या दोघांत २०० मिलिमीटर अंतर. दोन्ही बाजूंना बेअरिंग, त्यांच्यात ६०० मिलिमीटर, आणि इम्पेलर बरोबर मधोमध. दुरुस्तीत एका पात्यावर ४० ग्रॅम आणि तिथून ९० अंशांवरच्या पात्यावर ३० ग्रॅम जास्तीचं लोखंड चढलं. दोन्ही पट्ट्या मध्यापासून ३०० मिलिमीटरवर आणि मागच्या प्लेटला लागून आहेत.

या दोन वजनांची बेरीज ७० ग्रॅम होत नाही. दोघांची ओढ वेगवेगळ्या दिशेला असते, म्हणून कागदावर एकमेकींना काटकोनात दोन रेघा काढायच्या, एक ४ सेंटिमीटरची, दुसरी ३ ची. त्यांच्यापासून बनणाऱ्या आयताचा कर्ण ५ सेंटिमीटर भरतो. म्हणजे चाकाच्या दृष्टीने एकच ५० ग्रॅमची जड जागा आहे, आणि ती ४० ग्रॅमवाल्या पात्यापासून ३० ग्रॅमवाल्याकडे सुमारे ३७ अंशांवर आहे. भरपाईचं वजन तिच्या बरोबर समोर, १८० अंशांवर बसतं. तिथे ३०० मिलिमीटरवर जागा नसेल आणि २५० वरच वेल्ड करता येत असेल, तर ५० ऐवजी ६० ग्रॅम लागतील, कारण वजन आणि त्रिज्या यांचा गुणाकार सारखा राहायला हवा.

हे वजन शोधण्याची जुनी रीत म्हणजे सुरीधार. एकाच पातळीत ठेवलेल्या दोन कडक, सरळ कडांवर शाफ्ट ठेवायचा आणि हलकेच सोडायचा. जड जागा लोळत खाली येते. तिच्या समोर चिकणमाती किंवा मॅग्नेट लावत, कमी-जास्त करत जायचं. चाक कुठल्याही अवस्थेत सोडलं तरी जिथल्या तिथे थांबलं की स्थिर बॅलन्स साधला. हेच काम बेअरिंगवर ठेवून केलं, तर बेअरिंगमधलं घर्षण थोडा असमतोल दडवून ठेवतं.

आपल्या इम्पेलरमध्ये ५० ग्रॅमचा तुकडा मागच्या प्लेटवर लावला काय किंवा पुढच्या रिंगवर, सुरीधारेवर चाक तितकंच शांत राहील. गुरुत्वाकर्षण सगळ्याच वजनाला खाली ओढतं. ते वजन शाफ्टच्या लांबीवर कुठे आहे, हे लोळण्यावरून कळतच नाही. फिरताना मात्र चित्र बदलतं. ओढ ही वजन, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार असते. १४४० फेऱ्यांना ५० ग्रॅमची ती जागा सुमारे ३५ किलो वजनाइतक्या जोराने शाफ्टला बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदाला २४ वेळा दिशा फिरवते.

दुरुस्तीनंतर, भरपाई करण्याआधी, मागच्या बेअरिंगवर या ओढीचे सुमारे २३ किलो येतात आणि पुढच्यावर १२. आता फिटरनं वेल्डिंगला सोपं म्हणून भरपाईचं वजन पुढच्या रिंगवर लावलं. ते नवं वजन पुढच्या बेअरिंगला २३ आणि मागच्याला १२ किलोनं उलट ओढतं. वजाबाकी केली की मागच्यावर सुमारे १२ उरतात, पुढच्यावरही १२. म्हणजे पुढच्या बेअरिंगला काहीच आराम मिळाला नाही, फक्त ओढीची दिशा उलटली! मागचं बेअरिंग एका बाजूला ओढलं जातं त्याच क्षणी पुढचं विरुद्ध बाजूला. शाफ्ट डोलत राहतो, आणि सुरीधार त्यावर गप्प असते. यालाच गतिक असमतोल म्हणतात. तो फिरवल्याशिवाय दिसत नाही.

तेच ५० ग्रॅम मागच्या प्लेटवर लावले असते, तर दोन्ही ओढी एकाच प्रतलात समोरासमोर येऊन पूर्ण मिटल्या असत्या. पट्ट्या दोन प्लेटांच्या मध्ये कुठेतरी असतील तर भरपाई वाटून द्यावी लागते. बांबूला पोतं टांगून दोघं खांद्यावर नेतात, तेव्हा पोतं ज्याच्या जवळ त्याच्यावर भार जास्त, इथेही तसंच. पट्ट्या मागच्या प्लेटपासून ५० मिलिमीटरवर असतील, तर मागच्या प्लेटवर साडेसदतीस ग्रॅम आणि पुढच्या रिंगवर साडेबारा, दोन्ही एकाच कोनात.

प्रत्यक्षात जड जागा किती आणि कुठे, हे आधी ठाऊक नसतं. म्हणून दोन प्रतलांतलं बॅलन्सिंग मशीनवर किंवा जागेवरच कंपनमापक लावून करतात. शाफ्टवर चकाकती पट्टी चिकटवतात, म्हणजे कंपन किती हे कळण्याबरोबर ते कुठल्या कोनात होतं हेही कळतं. आधी आहे तसं चालवून दोन्ही बेअरिंगची नोंद घ्यायची. मग मागच्या प्लेटवर ठाऊक वजनाचा चाचणी तुकडा लावून पुन्हा दोन्हीकडची नोंद. तो काढून पुढच्या रिंगवर लावायचा आणि तिसरी नोंद. मागच्या प्लेटवरच्या वजनानं पुढचं बेअरिंगही हलतं, म्हणून प्रत्येक वेळी दोन्हीकडे मोजणं आवश्यक असतं. या तीन फेऱ्यांवरून दोन्ही बाजूंची वजनं आणि कोन निघतात.

किती बारकाईनं करायचं, यालाही माप आहे. आंतरराष्ट्रीय मानकात पंख्यांसाठी साधारणपणे जी ६.३ हा दर्जा धरतात. आपल्या इम्पेलरसाठी त्याचा अर्थ, ३०० मिलिमीटरवर एकूण साडेपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम ३ ग्रॅम असमतोल चालेल. म्हणून तुकडा वजन करूनच लावावा, आणि वेल्डिंग रॉडचं जे लोखंड चढतं तेही हिशेबात धरावं. वेल्ड करताना अर्थिंगचा क्लँप इम्पेलरलाच लावावा, फाउंडेशनला नको. नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर व ट्रॅकवर खड्डे पाडतो.

अरुंद चकतीला हा सगळा खटाटोप लागत नाही. व्यासाच्या मानानं जाडी अगदी कमी आणि वेगही बेताचा असेल, तर सगळी वजनं जवळपास एकाच प्रतलात असतात आणि सुरीधार पुरते. रुंद इम्पेलर किंवा दोन्ही तोंडांनी हवा घेणारा ब्लोअर असेल, तर दोन प्रतलं हवीतच.

वजन लावण्याआधी थरथर असमतोलाचीच आहे ना, हे तपासावं. असमतोलाचं कंपन फेऱ्यांइतकंच, इथे सेकंदाला २४, असतं. दुप्पट वारंवारतेचं कंपन जोरात दिसलं तर कपलिंगची रेषा पाहावी. पायाचे बोल्ट ढिले असतील तर आकडे प्रत्येक वेळी वेगळे येतात आणि बॅलन्सिंग कधीच जमत नाही. पात्यांच्या आतल्या बाजूला धूळ आणि रुईचे थर बसलेले असतील, तर आधी ते खरवडून काढावेत. थरासकट बॅलन्स केलेल्या चाकाचा एक पोपडा चालू असताना सुटला, की वेल्ड केलेली भरपाईच नवी जड जागा होऊन बसते.