चोवीस उड्डाणं, शून्य अपघात

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. त्याआधीच्या चोवीसही शटल मोहिमा सुखरूप परतल्या होत्या. आदल्या संध्याकाळी कुणी हे चोवीस निकाल लॉजिस्टिक रिग्रेशन या सांख्यिकी मॉडेलला दिले असते, तर अपघाताची शक्यता किती निघाली असती? शून्य.

हे मॉडेल थेट शक्यता काढत नाही. अपघाताला सुखरूप उड्डाणांनी भागून जे गुणोत्तर येतं, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम ते काढतं. तापमानासारखा दुसरा कोणताही घटक घेतला नाही, तर उरतो फक्त एक आकडा, इंटरसेप्ट. ० भागिले २४ याचा लॉग उणे अनंताकडे जातो. संगणक अनंत छापत नाही. तो एक मोठा ऋण आकडा देतो आणि त्याच्याशेजारी अवाढव्य प्रमाण त्रुटी, म्हणजे तो आकडा किती डळमळीत आहे याचं माप. ही जोडी दिसली की मॉडेलचा पाय घसरलाय हे ओळखावं.

शून्य हे टोकाचं उदाहरण झालं. पण घटना एकदोनच असल्या तरी इंटरसेप्ट खालच्या बाजूला झुकतोच, आणि ते का हे हाताने पडताळता येतं. २०११ पर्यंत शटलची एकूण १३५ उड्डाणं झाली आणि दोन यानं गेली. दुसरं कोलंबिया, २००३ मध्ये, ज्यात कल्पना चावला होत्या. २ भागिले १३३ याचा लॉग आहे −४.२०. आता समजा खरा धोका हाच आहे, पण नशिबाने अपघात एकच झाला असता, तर आकडा −४.९० आला असता. तीन झाले असते, तर −३.७८. एक अपघात कमी झाला की आकडा ०.७० ने खाली कोसळतो, एक जास्त झाला की जेमतेम ०.४१ ने वर येतो. शून्याजवळ लॉगची उतरण फार तीव्र असते, म्हणून सरासरी खालीच ओढली जाते. गॅरी किंग आणि लँगचे झेंग यांनी २००१ मध्ये युद्धांसारख्या दुर्मीळ राजकीय घटनांसाठी या घसरणीचं सूत्र मांडलं. आपल्या आकड्यांत ती सुमारे ०.२५ भरते, तेवढी परत मिळवायची. इथे एकूण नोंदी किती यापेक्षा घटना किती याला महत्त्व आहे. धोका तेवढाच कमी असेल, तर सुखरूप उड्डाणांची यादी लांबल्याने फारसं काही सुधारत नाही, दुसरा-तिसरा अपघात नोंदला गेला की सुधारतं.

संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फर्थ यांनी १९९३ मध्ये सुचवलेला उपाय मला सगळ्यांत सुंदर वाटतो. आधी आकडा काढून मग दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी मोजणीतच एक दंड घातला. फक्त इंटरसेप्ट असेल तेव्हा त्याचा अर्थ अगदी घरगुती होतो: अर्धा अपघात आणि अर्धं सुखरूप उड्डाण जास्तीचं धरायचं. त्या चोवीस उड्डाणांवर हे लावलं, तर ०.५ भागिले २५, म्हणजे २ टक्के. शटलचा एकूण इतिहास १.४८ टक्क्यांचा निघाला. इतकी जवळीक हा काही अंशी योगायोग आहे. पण अपघाताच्या चौकशी आयोगातले रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवलं होतं, की व्यवस्थापन धोका लाखात एक सांगत होतं आणि अभियंते शंभरात एक. तो अर्धा अपघात अभियंत्यांच्या बाजूने बोलतो.

याची किंमतही आहे. १३५ उड्डाणांवर फर्थची पद्धत २.५ भागिले १३६, म्हणजे १.८४ टक्के सांगते, जे प्रत्यक्षापेक्षा जास्त आहे. लॉगमधला झुकाव गेला, पण शक्यता फुगली. साध्या पद्धतीत अंदाजांची बेरीज नोंदलेल्या अपघातांइतकीच भरते, इथे तसं होत नाही. म्हणून रायनर पूर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सांगितलं, की इतर घटकांचे गुणक फर्थचे ठेवा आणि इंटरसेप्ट तेवढा साध्या पद्धतीने पुन्हा काढा. अंदाज वर्तवायचा असेल तर मी हेच करेन.

सुखरूप उड्डाणं गाळून दोन विरुद्ध दोन असा 'समतोल' साधणाऱ्यांनी मात्र जपावं. तिथे इंटरसेप्ट शून्य आणि धोका ५० टक्के निघतो. १३३ भागिले २ याचा लॉग, म्हणजे ४.२०, वजा केल्यावरच तो मूळ जागी येतो, आणि गाळलेली माहिती तर गेलेलीच असते.

हे सगळं करूनही इंटरसेप्टची प्रमाण त्रुटी ०.७१ उरते, त्या ०.२५ घसरणीच्या जवळजवळ तिप्पट. खरा धोका साधारण ०.२ ते ५ टक्क्यांत कुठेही असू शकतो. त्यातून दोन्ही अपघातांची कारणंही वेगळी, एकात थंडीने कडक झालेलं रबरी ओ-रिंग, दुसऱ्यात पंखावर आदळलेला फोमचा तुकडा. तापमानाचा परिणाम शोधायला हाती एकच घटना राहते. म्हणून अभ्यासक यान गेलं की नाही हे न विचारता ओ-रिंगला इजा झाली का, हे विचारतात. चॅलेंजरपूर्वीच्या ज्या २३ उड्डाणांची ही माहिती आहे, त्यांतल्या सातमध्ये इजा झाली होती. सात घटनांवर तापमानाचा गुणक निदान उभा राहतो. फक्त, त्या २३ पैकी सर्वांत थंड उड्डाण ५३ अंश फॅरनहाइटचं होतं, आणि चॅलेंजरच्या उड्डाणावेळी हवेचं तापमान ३६ अंश फॅरनहाइट होतं.